दोघांतला ‘टॉलेस्ट’

‘रमेश इज द टॉलेस्ट ऑफ द टू ब्रदर्स’ असे इंग्रजीच्या पेपरात लिहिले, तर तपासणाऱ्या बाई त्याखाली लाल रेघ ओढतील. भाऊ दोनच आहेत, म्हणून ‘टॉलर’ हवे. ‘टॉलेस्ट’ म्हणायला निदान तिघे लागतात. ‘डिग्रीज ऑफ कम्पॅरिझन’ या धड्यातला हा नियम शाळेत पाठ होतो आणि परीक्षा झाली की मागे पडतो. पुढे पत्रे, अहवाल, करार लिहायची वेळ आली की तो पुन्हा आडवा येतो. मराठी माणसांनी इंग्रजीत लिहिलेला मजकूर तपासणे हे माझे काम आहे, त्यामुळे माझी त्याच्याशी रोजची ओळख आहे. या नियमाकडे निव्वळ शिष्टाचार म्हणून पाहिले तर तो फार काळ टिकत नाही, असे माझे मत झाले आहे. मोजणीची खूण म्हणून पाहिले तर मात्र तो मजकुरातल्या अशा चुका पकडून देतो, ज्या दुसऱ्या कुठल्याही तपासणीत सापडत नाहीत.

शिष्टाचाराची बाजू आधी पाहू. खुद्द इंग्रजी बोलणारे लोक हा नियम काटेकोरपणे पाळत नाहीत आणि पूर्वीही पाळत नव्हते. जेन ऑस्टिनची ‘एमा’ ही कादंबरी डिसेंबर १८१५मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या पहिल्याच पानावर नायिकेची ओळख दोन बहिणींतली धाकटी अशी करून दिली आहे, आणि तिथे लेखिकेने ‘यंगर’ न लिहिता ‘यंगेस्ट’ लिहिले आहे. ऑस्टिनला इंग्रजी येत नव्हते असे कोणी म्हणणार नाही. दोन पैलवान आखाड्यात उतरले तरी प्रेक्षक ‘मे द बेस्ट मॅन विन’ असेच म्हणतात. माणसाला पाय दोनच, तरी ‘पुट युअर बेस्ट फुट फॉरवर्ड’ हा वाक्प्रचार रूढ आहे. चहा आणि कॉफी यांत काय आवडते असे विचारताना ‘विच डू यू लाइक बेस्ट’ सहज तोंडून जाते. याच्या उलट ‘द लेसर ऑफ टू ईव्हिल्स’ या वाक्प्रचारात कम्पॅरेटिव्ह रूप पक्के बसले आहे, तिथे ‘लीस्ट’ कानाला खटकते. हा नियम अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या व्याकरणकारांनी लिहून ठेवला आणि पुढच्या शतकातल्या शालेय पुस्तकांनी तो घट्ट केला. मेरियम-वेबस्टरच्या संपादकांनी १९८९मध्ये इंग्रजी वापराचा मोठा कोश काढला. त्यात शेकडो लेखकांचे नमुने पाहून त्यांनी निष्कर्ष काढला, की या नियमाला प्रत्यक्ष वापराचा आधार नाही.

तरीही त्या व्याकरणकारांनी तो हवेतून आणला नव्हता. त्यांचे शिक्षण लॅटिनमधून झाले होते आणि लॅटिनमध्ये दोघांसाठी कम्पॅरेटिव्ह वापरण्याची रीत होती. आपल्याकडे तर ही गोष्ट त्याहून कितीतरी आधी सूत्रात बांधली गेली. ‘तम’ आणि ‘इष्ठ’ या प्रत्ययांसाठी पाणिनीने पाचव्या अध्यायात एक सूत्र दिले. दोघांतली तुलना असेल किंवा एकाला दुसऱ्यापासून वेगळे काढायचे असेल तेव्हा ‘तर’ आणि ‘ईयस्’ लावावे, हे त्याने त्याच अध्यायात वेगळ्या सूत्रात सांगितले. संस्कृतला द्विवचन आहे, त्यामुळे दोन आणि दोनाहून अधिक हा भेद त्या भाषेच्या अंगातच आहे. जुन्या इंग्रजीतही ‘आपण दोघे’ आणि ‘तुम्ही दोघे’ यांसाठी वेगळी सर्वनामे होती. तेराव्या शतकाच्या आसपास ती गेली. दोनाच्या मोजणीचे अवशेष म्हणून आजच्या इंग्रजीत ‘बोथ’, ‘आयदर’, ‘नायदर’ असे थोडे शब्द उरले आहेत, आणि त्यांच्या जोडीला हा ‘टॉलर-टॉलेस्ट’चा भेद.

मराठी लिहिणाऱ्याची चूक इथे का होते हेही समजून घ्यायला हवे. मराठीत विशेषणाचे रूप तुलनेने बदलत नाही. ‘रमेश उंच आहे’, ‘रमेश सुरेशपेक्षा उंच आहे’, ‘रमेश सगळ्यांत उंच आहे’, तिन्हीकडे ‘उंच’ तसाच राहतो. तुलनेचा भार ‘पेक्षा’ आणि ‘सगळ्यांत’ हे शब्द वाहतात. ‘थोरला’, ‘धाकटा’ यांना भावंडे किती याच्याशी कर्तव्य नसते. दोन मुलगे असोत की पाच, मोठा तो थोरलाच. संस्कृतातून आलेले ‘ज्येष्ठ’, ‘कनिष्ठ’, ‘श्रेष्ठ’ हे शब्द मुळात ‘इष्ठ’ प्रत्ययाचे, म्हणजे सुपरलेटिव्ह, पण मराठीने ती मोजणी केव्हाच सोडून दिली. म्हणून ‘माझा मोठा मुलगा पुण्यात असतो’ हे वाक्य इंग्रजीत नेताना, मुलगे दोनच असले तरी, हात सहज ‘एल्डेस्ट’कडे वळतो. ऐकणाऱ्याला मात्र त्यातून तीन किंवा अधिक मुलगे असल्याचा समज होऊ शकतो.

तो समज हीच या नियमाची खरी किंमत आहे. नियम काटेकोरपणे पाळणाऱ्या लेखनात ‘एल्डर’ म्हणजे दोन आणि ‘एल्डेस्ट’ म्हणजे निदान तीन, हे वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून रूप आणि संख्या जुळत नसतील, तर दोन शक्यता उरतात. एक तर लिहिणाऱ्याने रूप चुकवले आहे, किंवा रूप बरोबर आहे आणि मधल्या काळात संख्याच बदलली आहे. दुसरी शक्यता तपासणारे सहसा विचारात घेत नाहीत, आणि जास्त महत्त्वाची तीच आहे.

एक उदाहरण रचून पाहू. एका गृहनिर्माण सोसायटीला गच्चीचे वॉटरप्रूफिंग करून घ्यायचे आहे. कमिटीने तीन कोटेशन्स मागवली: पहिल्या कंत्राटदाराचे ४,८५,००० रुपयांचे, दुसऱ्याचे ५,२०,००० रुपयांचे आणि तिसऱ्याचे ४,६०,००० रुपयांचे. सभासदांसाठी इंग्रजीत टिपण तयार झाले. त्यात तिसऱ्याचे कोटेशन ‘द लोएस्ट ऑफ द थ्री’ आहे असे लिहिले होते, आणि ते बरोबरच होते. आठवड्याभरात तिसऱ्याने माघार घेतली. सेक्रेटरींनी घाईत टिपण दुरुस्त केले: तक्त्यातली तिसरी ओळ काढली, नाव बदलले, ‘थ्री’च्या जागी ‘टू’ केले. आता वाक्य असे झाले, की पहिल्याचे कोटेशन ‘द लोएस्ट ऑफ द टू’ आहे.

व्याकरणापुरते पाहणारा तपासनीस इथे ‘लोएस्ट’चे ‘लोअर’ करील आणि पुढे जाईल. वाक्य शुद्ध होईल, पण टिपण अपुरे राहील. तीन कोटेशन्स मागवायची पद्धत प्रत्येक सभासदाला ठाऊक असते. दोनच दिसली की सर्वसाधारण सभेत पहिला प्रश्न तिसऱ्याचा येणार. ‘लोएस्ट’ हा शब्द त्या काढून टाकलेल्या ओळीचा मागे राहिलेला ठसा होता. तपासणाऱ्याने सेक्रेटरींना विचारायला हवे होते, की इथे आधी तिसरे काही होते का? उत्तर ‘होय’ आले, तर दुरुस्ती एका शब्दाची राहत नाही. तिसरे कोटेशन ४,६०,०००चे होते आणि त्या कंत्राटदाराने अमुक कारणाने माघार घेतली, हे वाक्य घालावे लागते. त्यानंतर उरलेल्या दोघांसाठी ‘द लोअर ऑफ द रिमेनिंग टू’ असे लिहिले की रूप, संख्या आणि हकीकत तिन्ही जुळतात.

अशा टिपणात तो शब्द सहसा एकटा नसतो, ही गोष्ट तपासणाऱ्याच्या कामी येते. तिघांच्या मजकुरातून एक गळला की आणखी काही शब्द शिळे होऊन मागे राहतात. ‘ऑल’ होते तिथे आता ‘बोथ’ हवे, ‘नन’च्या जागी ‘नायदर’, ‘एनी’च्या जागी ‘आयदर’. पुढच्या परिच्छेदात ‘नन ऑफ द कॉन्ट्रॅक्टर्स ऑफर्ड अ गॅरंटी’ असे वाक्य दिसले, तर संशय पक्का होतो; आधी तिघे होतेच. उलट सगळीकडे ‘बोथ’ आणि ‘नायदर’ नीट असतील आणि एकाच ठिकाणी ‘लोएस्ट’ असेल, तर बहुधा ती साधी सवयीची चूक असते. ‘बिट्वीन’ आणि ‘अमंग’ या जोडीवर मात्र मी विसंबत नाही, कारण चांगल्या इंग्रजीत ‘बिट्वीन’ दोनाहून अधिकांसाठीही चालते. शिवाय ‘लोएस्ट बिडर’ हा निविदांच्या भाषेतला ठरलेला शब्द आहे. निविदा दोनच आल्या म्हणून त्याला हात लावू नये.

आता शोधायचे कसे? शंभर पानांचा अहवाल डोळ्यांनी चाळताना अशी जागा सुटतेच. वर्ड प्रोसेसरमध्ये `of the two` आणि `of two` एवढे शोधून प्रत्येक ठिकाणी मागचा शब्द पाहिला, तरी बरेच काम होते. मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असेल आणि कमांड लाइनची सवय असेल, तर पुढची ओळ थेट संशयित जागा ओळ क्रमांकासह दाखवते:

```
grep -niE '(est|worst|least|most [a-z]+) of (the |these |those )?two' ahval.txt
```

यातला `est` हा तुकडा ‘टॉलेस्ट’, ‘लोएस्ट’, ‘बेस्ट’ या सगळ्यांना पकडतो. ‘वर्स्ट’ आणि ‘लीस्ट’ यांचा शेवट त्या अक्षरांनी होत नाही, म्हणून ते वेगळे लिहावे लागले. ‘मोस्ट ब्यूटिफुल’सारख्या दोन शब्दांच्या रूपांसाठी शेवटचा तुकडा आहे.

ही ओळ चालवली की पहिली गोष्ट लक्षात येते ती म्हणजे निरपराध पकडले जाण्याचे प्रमाण. ‘अरेस्ट ऑफ द टू अक्यूज्ड’ हे दोघा आरोपींच्या अटकेचे वाक्य यात येते, कारण ‘अरेस्ट’च्या शेवटीही तीच अक्षरे आहेत. ‘इंटरेस्ट ऑफ द टू पार्टीज’ येते, ‘कॉन्क्वेस्ट ऑफ द टू किंगडम्स’ येते. ‘द बेस्ट ऑफ टू हंड्रेड एंट्रीज’ येते, आणि तिथे स्पर्धक दोन नसून दोनशे आहेत. ‘मोस्ट मेंबर्स ऑफ द टू हाउसेस’ येते; त्यातल्या ‘मोस्ट’चा अर्थ बहुतेक असा आहे, तुलनेशी त्याचा संबंध नाही.

यातले काही निरपराध यंत्राला वगळायला शिकवता येतात. व्याकरण तपासणारे प्रोग्राम अक्षरांवर थांबत नाहीत. ते आधी प्रत्येक शब्दाला त्याच्या व्याकरणातल्या जागेचे लेबल लावतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तयार झालेल्या, सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या लेबलांत सुपरलेटिव्ह विशेषणाला `JJS` आणि कम्पॅरेटिव्हला `JJR` म्हणतात. लँग्वेजटूल या मुक्त स्रोत प्रोग्रामच्या नियमांच्या धाटणीत आपली अट साधारण अशी लिहिता येईल:

```
<pattern>
  <token postag="JJS"/>
  <token>of</token>
  <token>the</token>
  <token>two</token>
  <token negate="yes"
    regexp="yes">hundred|thousand|dozen</token>
</pattern>
```

आता ‘अरेस्ट’ सुटतो, कारण तो नाम आहे आणि त्याला `JJS` हे लेबल लागत नाही. पुढे ‘हंड्रेड’, ‘थाउजंड’ किंवा ‘डझन’ असेल तर नियम गप्प बसतो. इतपत यंत्राचे काम चोख होते.

त्याला न दिसणारी बाजू मात्र मोठी आहे. ‘सीता अँड गीता आर बोथ क्लेव्हर, बट गीता इज द क्लेव्हरेस्ट’ या वाक्यात ‘टू’ हा शब्दच नाही. ‘ऑफ द टू प्रपोजल्स, द सेकंड इज द चीपेस्ट’ यात ‘टू’ आहे, पण तो आधी येतो आणि ‘चीपेस्ट’ दूर शेवटी. कधी दोन गोष्टींची नावे एका परिच्छेदात असतात आणि सुपरलेटिव्ह पुढच्या पानावर. अशा जागा नियम लिहून पकडायला गेले, की निरपराधांची संख्या इतकी वाढते की माणूस इशारे वाचायचेच सोडून देतो. म्हणून चांगले प्रोग्राम मुद्दाम अरुंद नियम ठेवतात, आणि मला ते योग्य वाटते. उरलेले काम वाचणाऱ्याचे आहे. प्रत्येक सुपरलेटिव्हपाशी थांबून ‘कोणांत?’ हा एकच प्रश्न विचारला की ते होते.

हा प्रश्न विचारल्याशिवाय दुरुस्ती करू नये, कारण वाक्यात दोन नावे दिसली म्हणजे तुलना त्या दोघांतच आहे असे नाही. कळसूबाई १६४६ मीटर आणि साल्हेर १५६७ मीटर. ‘वुई क्लाइम्ब्ड साल्हेर अँड कळसूबाई, द लॅटर इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्रा’ असे कोणी लिहिले, तर ‘हायेस्ट’ अगदी बरोबर आहे. शिखरे दोन चढली, पण ‘सर्वांत उंच’ हे सगळ्या महाराष्ट्रातल्या शिखरांत. तिथे ‘हायर’ केले तर वाक्य बिघडेल. मात्र तेच वाक्य ‘ऑफ द टू, कळसूबाई इज द हायेस्ट’ असे असते, तर तुलनेचा गट त्या दोन शिखरांपुरताच ठरला असता आणि ‘हायर’ हवे झाले असते. ‘द टॉलेस्ट बॉय इन द टू क्लासेस’ यातही वर्ग दोन, पण मुले साठ-सत्तर. मोजायची ती मुले.

करारात हाच प्रश्न महाग पडू शकतो. यंत्रसामग्रीच्या खरेदीत हमीचे एक कलम नेहमी दिसते: यंत्र चालू झाल्यापासून १२ महिने किंवा माल पाठवल्यापासून १८ महिने, ‘व्हिचएव्हर इज अर्लिअर’. म्हणजे यातली जी मुदत आधी संपेल ती धरायची. त्या जागी ‘व्हिचएव्हर इज अर्लिएस्ट’ असे दिसले आणि मुदती दोनच असल्या, तर मी दुरुस्तीची पेन्सिल खाली ठेवतो आणि आधीचा मसुदा मागवतो. कदाचित तिथे तिसरी मुदत होती, उदाहरणार्थ ठराविक तासांच्या वापराची, आणि ती वाटाघाटीत निघाली. कदाचित ती निघायला नको होती आणि चुकून खोडली गेली. पहिल्या परिस्थितीत ‘अर्लिअर’ केले की काम संपते. दुसऱ्या परिस्थितीत तीच शुद्ध दुरुस्ती हरवलेल्या कलमाचा शेवटचा पुरावा पुसून टाकते. असे मजकूर तपासताना सुपरलेटिव्ह गुपचूप बदलू नये, समासात प्रश्न लिहून ठेवावा, हे मी नवीन तपासनिसांना आवर्जून सांगतो.

प्रश्न सुटला आणि रूप बदलायचे ठरले, तर बदल नीट करायला हवा. ‘टॉलेस्ट’चे ‘टॉलर’ करताना मराठी हात आधीचा ‘द’ उडवतो, कारण ‘रमेश इज टॉलर दॅन सुरेश’ यात ‘द’ नसतो. पण ‘रमेश इज द टॉलर ऑफ द टू’ यात तो हवाच. ‘मोस्ट ब्यूटिफुल’चे ‘मोर ब्यूटिफुल’ होते, ‘बेस्ट’चे ‘बेटर’, ‘वर्स्ट’चे ‘वर्स’. ‘लास्ट ऑफ द टू’चे बहुधा ‘लॅटर’ होते. ‘एल्डेस्ट’चे ‘एल्डर’ करताना पुढे ‘दॅन’ येत नाही ना हे पाहावे. ‘एल्डर दॅन’ चालत नाही, तिथे ‘ओल्डर दॅन’ लागते.

उलट दिशेचा शोधही त्याच बैठकीत करून टाकावा. `of the three` शोधून त्यामागे ‘बेटर’, ‘लोअर’, ‘टॉलर’ असे काही आहे का ते पाहावे. दोघांत ‘टॉलेस्ट’ वापरण्याला ऑस्टिनसारखे साक्षीदार आहेत. ‘द बेटर ऑफ द थ्री’च्या बाजूने मात्र कोणी उभे राहत नाही. ते दिसले की बहुतेक वेळा दोन पर्यायांच्या मजकुरात तिसरा मागाहून घातलेला असतो, आणि मग तो तिसरा पर्याय तक्त्यात, बेरजेत आणि निष्कर्षात पोचला आहे की नाही, हे एकेक करून पाहावे लागते.